एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे



निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेवर आता कॅमेरे दिसू लागले आहेत. पण "दिवसभर चित्र ठीक दिसते, संध्याकाळी मधूनच जाते," अशी तक्रार पुष्कळ घरी असते. दोष कॅमेऱ्याचा किंवा लाइनीचा असेलच असे नाही.

घरातला राउटर वायफायवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. हे काम करणाऱ्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. बहुधा एक दिवसाचा. कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद राउटर आपल्या वहीत ठेवतो.

आता असे समजा, की कॅमेरे बसवणाऱ्याने रेकॉर्डरमध्ये `192.168.1.10` हा पत्ता हाताने कायमचा भरून ठेवला. राउटरच्या वहीत त्याची नोंदच नाही. रात्री वीज गेली. राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, रेकॉर्डर बंद पडला. तेवढ्यात मुलाने नवा फोन जोडला. राउटरला तो पत्ता मोकळा दिसला, त्याने फोनला दिला. वीज आली, रेकॉर्डर उठला आणि त्याच पत्त्यावर बसला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे झाली! टपाल कधी याच्या दारी, कधी त्याच्या दारी. मुलगा फोन घेऊन मार्केटला गेला की कॅमेरे सुरळीत; घरी परतला की फोन मागचाच पत्ता मागतो, वही पाहून राउटर तो देतो आणि पुन्हा तंटा.

खात्री अशी करा. रेकॉर्डरची नेटवर्कची वायर काढा आणि त्याच वायफायवरच्या संगणकावर हे लिहा:

```
ping 192.168.1.10
arp -a
```

वायर काढूनही उत्तर येत राहिले, तर त्या पत्त्यावर दुसरा कोणी आहे. दुसऱ्या आज्ञेने त्या पत्त्यासमोर यंत्राचा बारा अक्षरी क्रमांक दिसतो. तो रेकॉर्डरवरच्या चिठ्ठीशी जुळला नाही, तर चोर सापडला. मात्र घरातली सगळीच यंत्रे एकदम तुटत असतील, तर हा रोग नव्हे. तेव्हा लाइन तपासावी.

उपाय बिनखर्चाचा आहे. राउटरच्या पानावर DHCP Server मध्ये वाटपाची हद्द `192.168.1.100` ते `192.168.1.199` अशी ठेवा. १० हा आकडा हद्दीबाहेर राहिला, म्हणजे तो कोणालाच दिला जाणार नाही. मग सर्व फोनचे वायफाय एकदा बंद करून चालू करा, नाहीतर जुनी मुदत संपेपर्यंत फोन तोच पत्ता धरून बसेल.

शेडमध्ये दुसरा राउटर लावला असेल, तर तो नुसता वायफाय पुढे नेण्यापुरता ठेवा आणि त्याचे पत्तेवाटप बंद करा. एका गावाला दोन तलाठी झाले आणि दोघांच्या वह्या निराळ्या असल्या, तर एकच गट दोघांच्या नावे लागायला वेळ लागत नाही.