वरचे दोन बोल्ट

एसी घेताना आपण स्टार मोजतो, वॉरंटी विचारतो, हप्ते ठरवतो. आउटडोअर युनिट ज्या स्टँडवर पुढची दहा वर्षं बसणार, त्याची निवड मात्र बसवायला आलेल्या मुलाच्या पिशवीत जो असेल त्यावर सोडून देतो. त्या स्टँडखाली रस्ता असतो, सोसायटीचं पार्किंग असतं, मुलं खेळत असतात. म्हणून आज या स्टँडबद्दल लिहायचं आहे.

दुकानात स्टँडवर '१५० किलो' असं छापलेलं असतं. दीड टनाचं युनिट साधारण तीस-पस्तीस किलोचं, म्हणजे काळजी मिटली असं वाटतं. पण हा आकडा लोखंडाचा आहे, भिंतीचा नाही. शिवाय तो बहुधा जोडीचा असतो, एका बाजूचा नव्हे. युनिट भिंतीला चिकटून बसत नाही, हवेसाठी मागे फट सोडावी लागते. त्यामुळे वजन भिंतीपासून पुढे लोंबतं आणि स्टँडचं वरचं टोक भिंतीतून बाहेर ओढतं. खालचं टोक उलट भिंतीवर दाबलं जातं. म्हणून खरी परीक्षा वरच्या बोल्टची.

हिशेब करून पाहू. युनिट ३२ किलोचं, त्याच्या वजनाचा मध्य भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर आणि स्टँडच्या उभ्या पट्टीची उंची ४० सेंटिमीटर. ३२ गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे २० किलोची ओढ. दोन्ही बाजूंच्या वरच्या बोल्टवर दहा-दहा किलो, फार नाही. उभी पट्टी २० सेंटिमीटरचीच असेल तर हीच ओढ दुप्पट होते. आणि पट्टी ४० सेंटिमीटरची असतानाही सर्व्हिसिंगला आलेला सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटर पुढे आलेल्या टोकावर पाय देऊन उभा राहिला, तर त्या एका बाजूच्या वरच्या बोल्टवर एकदम आणखी सत्तर किलो येतात. दहाचे ऐंशी होतात, तेही हिसक्यासह.

हा बोल्ट कशात रुतला आहे, हे त्याच्या जाडीइतकंच महत्त्वाचं. काँक्रीटच्या बीममध्ये १० मिलिमीटरचा फास्टनर छान पकडतो. मात्र बाहेरचं प्लास्टर दोन-अडीच सेंटिमीटर जाड असतं आणि ते काही धरत नाही. खोली प्लास्टरच्या आतून मोजायची, भोकातली धूळ फुंकून काढायची आणि मगच फास्टनर ठोकायचा. नव्या इमारतींच्या भिंती बहुधा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. तिथे फुगून पकडणारा फास्टनर घट्ट करत गेलं की ब्लॉकच आतून चुरतो, पाना नुसता फिरत राहतो. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने रुंद लोखंडी पट्टी द्यावी, किंवा केमिकल अँकर वापरावा. आतल्या खोलीत बोल्टची डोकी दिसतील म्हणून लोक नाही म्हणतात. मला तो हट्ट पटत नाही.

वर्सोव्यात समुद्राच्या बाजूच्या एका फ्लॅटचा स्टँड अलीकडे जवळून पाहिला. पावडर कोटिंग केलेला, लांबून नवाकोरा. वरच्या बोल्टच्या वॉशरभोवती मात्र रंगाला फोड आला होता आणि तिथून भिंतीवर तपकिरी ओघळ उतरला होता. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं, तर फोडाखालून गंजाचे पापुद्रे निघाले. बोल्ट आवळताना कोटिंगला चरा पडतो, खारी हवा तिथून आत शिरते आणि रंगाच्या आडोशाने गंज पसरत जातो. किनाऱ्यावर साध्या पावडर कोटिंगवर विसंबू नये. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला जाड गॅल्व्हनाइज्ड स्टँड टिकाऊ. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस त्याहून चांगलं, आणि अगदी समुद्रासमोर ३१६. फक्त महागडा स्टेनलेस स्टँड घेऊन त्याला साधे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट लावले, तर दोन धातूंच्या संगतीत बोल्टच आधी खाल्ले जातात. बोल्टही स्टेनलेसचेच मागा.

पावसाळ्याआधी खिडकीतून, बाहेर न वाकता, एवढं बघा: वरच्या टोकापाशी स्टँड आणि भिंत यांत फट पडली आहे का, बोल्टखाली ओघळ आहे का, युनिट पुढे झुकलं आहे का, कंप्रेसर सुरू होताना आधी नव्हता असा खडखडाट येतो का. फट किंवा झुकाव दिसला तर एसी बंद ठेवा, खालची जागा मोकळी करायला सोसायटीला सांगा आणि जुन्याच भोकात बोल्ट आवळून घेऊ नका. स्टँड बदला, भोकं नव्या जागी मारा. आणि मेकॅनिक बाहेर उतरणार असेल तर त्याच्या कमरेला पट्टा आणि त्याची दोरी घरातल्या पक्क्या आधाराला बांधलेली हवी. तो घाईत असला तरी स्टँडवर पाय ठेवू देऊ नका.