दहावी, फुटबॉल आणि घरातला तह

मागच्या महिन्यात दिग्रसचे एक दांपत्य आमच्याकडे आले. सोबत सोळा वर्षांचा मुलगा, दहावीत शिकणारा. अब्बूंचे म्हणणे, "परीक्षा होईपर्यंत बूट माळ्यावर." मुलाचे म्हणणे, "मग मी शाळाच सोडतो." अम्मी दोघांच्या मध्ये बसून होत्या.

आम्ही आधी वर्षाचा हिशेब कागदावर मांडला. शालेय फुटबॉलची वाट तालुका, जिल्हा, अमरावती विभाग आणि मग राज्य अशी जाते. यातले बहुतेक सामने पावसाळ्यात होतात आणि तालुका-जिल्ह्याचे तर दिवाळीच्या बरेच आधी आटोपतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे खरी टक्कर शालेय सामन्यांशी नाहीच. टक्कर आहे हिवाळ्यात गावोगावी होणाऱ्या बक्षिसाच्या सामन्यांशी. त्यांत तीन-तीन रात्री जातात, खडकाळ मैदानावर घोटा मुरगळतो आणि शासकीय प्रमाणपत्राच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य असते.

म्हणून तह असा ठरला. दिवाळीपर्यंत आठवड्यातून पाच दिवस दीड तास मैदान आणि रोज दोन तास अभ्यास, त्यात गणित व विज्ञान आधी, कारण हे विषय शेवटच्या महिन्यात पाठ करून निघत नाहीत. दिवाळीनंतर मैदान तीन दिवस, तासभर, आणि बाहेरगावचे सामने बंद. सध्या रमजान बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच येतो. २०२६ मध्ये तर दोन्ही एका दिवसाच्या अंतराने सुरू झाले. त्या दिवसांत जोराचा सराव नकोच, इफ्तारनंतर थोडे धावणे पुरे. तह मोडतो आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलगा वर्गात पेंगू लागला आणि चाचणीत एखादा विषय ३५ च्या खाली गेला, तर दोन आठवडे मैदानाचा एक दिवस कमी करायचा. सगळे मैदान बंद केले की मुलगा चोरून खेळतो आणि मग काहीच हाती राहत नाही.

आता मोठा प्रश्न, व्यावसायिक खेळाडू होण्याचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो लहानपणीच गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. मात्र त्या भारतीय संघात देशभरातून फक्त २१ मुले होती. मोठ्या क्लबांचे युवा संघ तेरा आणि पंधरा वर्षांखालील गटांपासूनच बांधले जातात. सोळाव्या वर्षी निवासी अकादमीत नसलेल्या मुलाला उशीर झालेला आहे, हे आम्ही त्याच्या तोंडावर सांगितले. दार बंद नाही, पण अरुंद आहे. शिवाय आत गेलेल्यांचेही कायम नसते. २०२५ च्या जुलैत करार रखडल्याने इंडियन सुपर लीगचा मोसमच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

म्हणून मोजमाप ठेवले. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याने विभागाच्या संघात जागा मिळवावी, राज्य स्पर्धा खेळावी किंवा एखाद्या अकादमीचे बोलावणे आणावे. यातले काहीच झाले नाही, तर खेळ राहील, पण पोट त्यावर राहणार नाही. आणि करार मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जायचे नाही.

दुसरी वाटही फुटबॉलमधूनच जाते. बारावीनंतर पदवी, मग बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे शिक्षण देते, आणि ते घरापासून फार लांब नाही. त्याच काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा सुरुवातीचा परवाना काढता येतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मात्र त्यासाठी नुसता सहभाग पुरत नाही, ठरलेल्या पातळीचे प्रावीण्य लागते. दहावीलाही खेळाचे वाढीव गुण मिळतात. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे मुदतीत जावा लागतो. या प्रत्येक वाटेवर दहावी-बारावीची गुणपत्रिका आधी मागतात.

कागद पाहताना एक गोष्ट सापडली. आधारवर आडनाव 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शेक', आणि जन्मतारखेत दोन महिन्यांचा फरक. वयोगटाच्या स्पर्धेत असा मुलगा वय चोरल्याच्या संशयावरून बाहेर बसू शकतो. आमच्या वाचकांच्या घरांत हे बरेचदा आढळते. जन्मदाखल्याप्रमाणे सगळे कागद आताच एकसारखे करून घ्या.

जाताना अब्बूंनी विचारले, "मग बूट?" मुलगा काही बोलला नाही. अम्मी म्हणाल्या, "दप्तराशेजारी राहू द्या."