‘वडील गेले, उद्या येत नाही’ : या मेसेजचा रजेचा अर्ज कसा कराल?

रात्री ११ वाजता साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, ‘सर, वडील गेले. उद्या येत नाही.’ त्या रात्री एवढे पुरेसे आहे. वरिष्ठांनी तेव्हा अर्ज मागू नये.

मात्र या मेसेजमध्ये रजा किती दिवसांची आणि कोणत्या खात्यातून, हे नसते. पगार काढणाऱ्या विभागाला ते कळले नाही, तर ते दिवस बिनपगारी धरले जाऊ शकतात. म्हणून एक-दोन दिवसांत छोटा ईमेल पाठवावा. घरातल्या दुसऱ्या कोणी टाइप केला तरी चालेल :

‘महोदय, माझ्या वडिलांचे ३ मार्च रोजी निधन झाले. अंत्यविधी व तेराव्यापर्यंतच्या विधींसाठी ४ ते १५ मार्च रजा मंजूर करावी, ही विनंती. शोकरजेची तरतूद नसल्यास ही रजा अर्जित रजेतून धरावी.’

आजारपणाचा तपशील यात लागत नाही. नाते, तारखा आणि रजेचा प्रकार पुरतो.

सहकाऱ्यांचे उत्तरही जरा थांबून लिहावे. ग्रुपवर एकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले की तेच वीस वेळा उमटते. श्रद्धांजली गेलेल्याला असते. मेसेज वाचणारा मात्र मागे राहिलेला असतो. त्याला वैयक्तिक लिहावे : ‘काका गेल्याचे कळले, फार वाईट वाटले. शुक्रवारचा अहवाल मी पाठवतो. उत्तराची घाई नको.’

‘कशाने गेले?’ आणि ‘कधी जॉइन होताय?’ हे दोन प्रश्न मात्र टाळावेत. पहिल्याचे उत्तर तो दिवसभर देतच असतो, दुसऱ्याचे अर्जात असते.