अक्षय्य तृतीयेची पेटी आणि गुढीपाडव्याचा फोन

गुढीपाडवा झाला की आमच्या गल्लीत एकच विषय निघतो, ‘यंदा आंब्याची पेटी कुणाकडून?’ हल्ली कोकणातले बागायतदार थेट घरांसाठी आगाऊ नोंदणी घेतात. मधला दलाल नाही, त्यामुळे भाव बरा पडतो आणि आंबा कोणत्या बागेतला तेही कळतं. पण मैत्रिणींनो, नोंदणी करताना आपण एकच प्रश्न विचारतो, ‘तृतीयेला पिकलेला मिळेल ना?’ माझ्या मते नेमका हाच प्रश्न आपल्याला गोत्यात आणतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही अकरा घरांनी मिळून पेट्या सांगितल्या. समोरचा म्हणाला, ‘काळजी करू नका वहिनी, तृतीयेच्या आदल्या दिवशी तयार आंबा दारात.’ आणि खरंच आला की! सगळे आंबे सारखे पिवळेधमक, पण वास नाही. कापले तर कोयीजवळ पांढरट आणि आंबट. पेंढ्यात कागदाच्या पुड्या सापडल्या, तेव्हा उलगडा झाला. ती कार्बाइडची पावडर. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. पण आपण तारखेचा हट्ट धरला, की कुणी तरी ही पळवाट काढतोच.

पुढच्या वर्षी दुसरा बागायतदार शोधला. तो पहिल्याच फोनला म्हणाला, ‘ताई, पिकलेला देणार नाही, हिरवाच देईन. आणि काढणीची एक तारीख नाही, चार दिवसांची मुदत सांगेन.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘हा काय धंदा करणार?’ मला मात्र तिथेच विश्वास वाटला.

त्याचं गणित साधं होतं. तयार झालेला हापूस झाडावरून काढला, की पिकायला साधारण आठ-दहा दिवस घेतो. 2025 साली तृतीया 30 एप्रिलला होती. म्हणजे काढणी वीसच्या आसपास, एकवीसला गाडीत, बावीस-तेवीसला सोलापुरात, आणि उरलेला आठवडा आपल्या घरात. यात अवकाळी पाऊस आला तर काढणी पुढे जाते, कारण भिजलेलं फळ पेटीत सडतं. मग तारीख हलणारच. ती हलली की लगेच कळवतो, तो माणूस खरा.

हिरवा आला म्हणजे कोवळा आला असं नाही. तयार फळाचे खांदे देठाच्या वर भरून येतात आणि देठ किंचित खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. पाण्यात टाकलं तर ते बुडतं, कोवळं तरंगतं. पेटी आल्यावर चार-पाच आंबे बादलीत सोडून बघा, मग पुसून कोरडे करा. निम्मे तरंगले तर फोन करा. आठवडाभर थांबून उपयोग नाही, कोवळा आंबा पिकत नाही, सुरकुततो.

आता आपली बाजू. पेटी तशीच बंद ठेवायची नाही. उष्णतेने खालचे आंबे आधी पिकतात आणि दबून नासतात. सोलापूरचं ऊन तर ठाऊकच आहे, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत आढी घालू नका. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पेटीतलाच पेंढा पसरून, एका थरात आंबे मांडा. रोज सकाळी हात फिरवा. वास सुटला आणि देठाजवळ किंचित दबलं, तो बाजूला काढा. हिरवा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर तो नीट पिकतच नाही. आणि साठच्या साठ आंबे एकाच दिवशी पिकतील ही अपेक्षाही सोडा. पाच-सहा दिवस रोज आठ-दहा पिकतात. तृतीयेच्या नैवेद्याला आणि आमरसाला तेवढे पुरतात.

एक गोष्ट मात्र बागायतदाराच्याही हातात नसते, ती म्हणजे साका. बाहेरून देखणा आंबा आतून पांढरट, स्पंजासारखा निघतो. हापूसला हा दोष असतोच आणि तो कापल्याशिवाय दिसत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच ठरवून घ्यावं की कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवला, तर तेवढ्या आंब्यांचे पैसे वळते होतील. आमच्या पेटीत तीन निघाले, आणि पैसे मिळाले. ‘माझ्याकडे साका निघतच नाही,’ असं छातीठोक सांगणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहावं.

आम्ही आता निम्मे पैसे आधी देतो आणि निम्मे पेटी उघडून बघितल्यावर. पाडव्याच्या फोनवर ‘पिकलेला मिळेल का?’ असं आम्ही विचारत नाही. ‘काढणार कधी, गाडीत चढवणार कधी, आणि साका निघाला तर काय?’ एवढंच विचारतो. पहिली पेटी उघडली तेव्हा तोंड वाकडं करणाऱ्या जाऊबाईंनी यंदा सगळ्यांच्या आधी नाव लिहून ठेवलंय, तेही दोन पेट्यांसाठी!