पावती कोणाच्या नावाची?

ॲपच्या वर्गणीची तक्रार घेऊन ग्राहक केंद्रात आलेला माणूस सेवेचं नाव सांगतो. आपले कार्यकर्ते लगेच त्या कंपनीला ईमेल लिहायला घेतात. आठवड्याने उत्तर येतं, ‘ही वर्गणी आमच्याकडून घेतलेली नाही.’ ही दरवेळी टोलवाटोलवी असते असं नाही. पैसे फोनच्या ॲप स्टोअरने घेतले असतील, तर सेवेच्या संकेतस्थळावर वर्गणी रद्द करण्याचं बटणच दिसत नाही. म्हणून पहिला प्रश्न हवा तो पैसे कोणी घेतले, हा.

उत्तर पावतीत सापडतं. ऑर्डर क्रमांक GPA. ने सुरू होत असेल तर वसुली गूगल प्लेची. कार्डाच्या किंवा बँकेच्या नोंदीत APPLE.COM/BILL दिसलं तर ॲपलची.

नेहमीचा गुंता बघा. एका गृहस्थांनी अँड्रॉइड फोनवर योगासनांच्या ॲपची वार्षिक वर्गणी घेतली. पुढे आयफोन घेतला, जुन्या फोनवरचं ॲप काढून टाकलं, आणि वर्षाने पैसे पुन्हा कापले गेले. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. आयफोनच्या Subscriptions यादीत ती दिसणारही नाही, कारण ती अडकलीय जुन्या जीमेल खात्याला. त्यासाठी जुना फोन लागत नाही. ब्राउझरमध्ये त्याच जीमेलने play.google.com/store/account/subscriptions उघडलं की तिथे ती रद्द होते. यादी रिकामी दिसली तर खातं चुकलंय. अनेक घरांत वडिलांच्या फोनवर मुलाचंही जीमेल असतं. पावती ज्याच्या इनबॉक्समध्ये आली, तेच खातं.

रद्द करणं म्हणजे पुढची वसुली थांबवणं. कापलेल्या पैशांसाठी वेगळा अर्ज लागतो, आणि इथे दोन्ही दुकानांची रीत निराळी आहे. गूगलकडे पहिल्या ४८ तासांत थेट मागणी करावी. मुदत टळली तर ॲप बनवणाऱ्याला लिहावं, कारण प्लेवरच्या ऑर्डरचा परतावा तोही देऊ शकतो. ॲपलच्या बाबतीत असं लिहिणं फुकट जातं. परताव्याचा निर्णय ॲपलच घेतं, आणि अर्ज reportaproblem.apple.com वर करायचा असतो. व्यवहार अजून प्रलंबित दिसत असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत तिथे अर्ज करता येत नाही. दोन्हीकडे मागणी फेटाळली जाऊ शकते, हे तक्रारदाराला आधीच सांगून ठेवा.

यूपीआय ऑटोपे बंद करून आलेले लोक निर्धास्त असतात. त्याने त्या मार्गाची पुढची वसुली अडते एवढंच. खात्याला दुसरं कार्ड जोडलेलं असेल तर रक्कम तिथून जाऊ शकते, म्हणून रद्द करायची ती वर्गणीच. आणि ‘कस्टमर केअर’चा नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका, असं प्रत्येकाला बजावा. तिथे मिळणारे बरेच नंबर ठगांचे असतात. परताव्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही.