पाठांतराची कैफियत आणि हाडाची साक्ष

प्रिय बंधू,

तुझे पत्र पावले. रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 साली सुरू झालेले. साहजिकच तेथे मुंबई-पुण्याच्या जुन्या महाविद्यालयांतल्याप्रमाणे वरच्या वर्गांनी पिढ्यानपिढ्या जमवलेल्या प्रश्नांच्या वह्या नाहीत, आणि म्हणून शरीररचनाशास्त्राच्या व्हायवात तुमची बाजू आरंभापासूनच लंगडी आहे, अशी तुझी तक्रार. सबब मुंबईहून मी अशी एक वही विनाविलंब रवाना करावी, असा तुझा तगादा. वही माझ्या दप्तरी आहे; परंतु ती न पाठवण्याचे मी ठरवले आहे, आणि हे कृपणतेने नव्हे, याची तुला खातरी पटावी म्हणून आधी तुझा पक्ष तुझ्याइतक्याच जोराने मांडतो व मगच त्याचा परामर्श घेतो.

तुझे म्हणणे असे, की परीक्षक बदलले तरी प्रश्न बदलत नाहीत. तेव्हा ते उत्तरांसह कंठस्थ असले, की अर्धी लढाई जिंकली. शिवाय आकृत्यांच्या पुस्तकात प्रत्येक शीर आणि खोबण रंगवून दाखवलेली असताना विच्छेदनगृहातील कळकट हाडाशी झटापट करण्यात वेळ का दवडावा, हाही तुझा सवाल.

प्रश्न पुनःपुन्हा तेच येतात, हे मला मान्य आहे. पण जो पुनःपुन्हा येतो तो पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न कोणत्याही वहीत नसतो, कारण तो तुझ्या पहिल्या उत्तरातून जन्मतो, आणि बाहेरगावाहून आलेला परीक्षक तुझी पारख करतो ती या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावरच. ह्यूमरस, म्हणजे दंडाचे हाड, याचेच उदाहरण घे. परीक्षक त्याच्या मागील पृष्ठभागावरील खोबणीवर बोट ठेवून विचारतो, "येथून काय जाते?" वहीतले उत्तर तयार असते: रेडियल नर्व्ह आणि तिच्यासोबत प्रोफुंडा ब्रेकियाय धमनी. "येथे हाड मोडले तर?" हेही वहीत आहे: रेडियल नर्व्हला इजा होऊन मनगट लुळे पडते. येथवर पाठांतराची कैफियत सुरळीत चालते. मग तो शांतपणे विचारतो, "आंब्याच्या झाडावरून पडून येथेच हाड मोडलेला गडी तुझ्यापुढे आणला, तो कोपर सरळ करू शकेल काय?"

येथे पाठ केलेले ज्ञानच पाठांतर करणाऱ्यावर उलटते. कोपर सरळ करणारा स्नायू ट्रायसेप्स, ट्रायसेप्सला पुरवठा रेडियल नर्व्हचा, आणि ती तर दुखावलेली, म्हणून तो छातीठोकपणे सांगतो, "नाही." वास्तविक तो गडी कोपर बहुधा सरळ करू शकतो. ट्रायसेप्सच्या लाँग हेडची शाखा आणि मीडियल हेडची एक शाखा ही नर्व्ह खोबणीत शिरण्यापूर्वी, काखेतच, निघून गेलेली असते. मोडलेल्या जागेच्या वर ज्या शाखा सुटल्या त्या शाबूत राहतात. उलट मनगट आणि बोटे उचलणाऱ्या स्नायूंच्या शाखा खोबणीच्या खाली निघतात, म्हणून हात मनगटातून लोंबतो.

आता हीच नर्व्ह काखेत दुखावली असे समज, जसे काखेत कुबडी दाबून चालणाऱ्याच्या बाबतीत घडू शकते. मग कोपर सरळ करण्याची शक्तीही जाते, कारण आता वरच्या शाखाही बाधित क्षेत्रात आल्या. आणि इजा कोपराच्या खाली, रेडियसच्या डोक्याजवळ, केवळ तिच्या खोल शाखेला झाली, तर मनगट पूर्णपणे पडत नाही, ते उचलताना अंगठ्याच्या बाजूला झुकते, बोटे मात्र सरळ होत नाहीत, आणि त्वचेची संवेदना शाबूत राहते. कारण त्वचेकडे जाणारी वरवरची शाखा आणि मनगट उचलणाऱ्या एका स्नायूची शाखा आधीच वेगळ्या झालेल्या असतात. वहीत ही तीन उत्तरे तीन ठिकाणी लिहिलेली आढळतील आणि तिन्ही विसरली जातील. परंतु कोणती शाखा कोठे सुटते एवढे एक सूत्र ज्याच्या हाती आहे त्याला यांपैकी एकही उत्तर पाठ करावे लागत नाही.

आकृत्यांविषयी थोडेसेच बोलतो. चित्रात ही खोबण रंगाने उठून दिसते. प्रत्यक्ष कोरड्या हाडावर ती इतकी उथळ असते, की हाड उजेडात तिरपे धरून, वरून आतल्या अंगाने खाली बाहेरच्या अंगाकडे बोट फिरवल्याशिवाय नवख्याला ती सापडत नाही. ज्याने ती केवळ चित्रात पाहिली, तो परीक्षेच्या टेबलापाशी हाडाच्या अर्ध्या लांबीवर तळहात फिरवून "इथे कुठेतरी" असे म्हणतो, आणि त्या दोन शब्दांनी त्याचा सारा जबाब संशयास्पद ठरतो.

खंडन करून थांबणे हे अर्धे काम. म्हणून वहीच्या जागी काय ठेवावे तेही सांगतो. हाड हाती येताच प्रथम ते उजवे की डावे हे ठरव: ह्यूमरसचे गोल डोके वर आणि शरीराच्या मध्याकडे, खालच्या टोकाचा मोठा खळगा मागे, या दोन खुणा जुळल्या, की बाजू ठरते. मग ते स्वतःच्या दंडाशी, ज्या स्थितीत ते जिवंत देहात असते त्याच स्थितीत धर, कारण टेबलावर आडवे पडलेल्या हाडात पुढचे-मागचे हमखास चुकते. प्रत्येक रेषा बोटाने नव्हे, तर पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाखव, आणि दाखवताना मोठ्याने बोल. शेवटी प्रत्येक खुणेपाशी थांबून स्वतःला विचार, की येथे मोडले तर काय जाईल आणि काय राहील. यातला ‘काय राहील’ हा भाग विद्यार्थी नेमका वगळतात. हाड नसेल त्या वेळी तुझे कोपर आहेच: ते काटकोनात वाकवून आतल्या उंचवट्याच्या मागे बोट फिरव, दोरीसारखी सरकणारी अल्नर नर्व्ह तुला लागेल.

तयारी झाली की नाही, याची कसोटीही सोपी आहे. सोबत्याला मधूनच प्रश्न विचारायला सांग, आधी इजा आणि मग जागा अशा उलट क्रमाने. उत्तरासाठी तुला पहिल्या वाक्यापासून म्हणत यावे लागले, तर ते पाठांतर आहे, ज्ञान नव्हे, असा निवाडा खुशाल कर.

तुझ्या पक्षाला एक सवलत मात्र न्यायाने दिली पाहिजे. हाडाच्या कोणत्या टोकाची जोडणी कितव्या वर्षी पुरी होते, कोणती धमनी कोणत्या मणक्याच्या पातळीवर दुभंगते, अशा गोष्टी परीक्षेच्या टेबलापाशी तर्काने निघत नाहीत. त्या पाठच कराव्या लागतात. त्यांची एक पानभर यादी स्वतःच्या हाताने कर. आणि यादीबाहेरचा आकडा विचारला गेला, तर अंदाजाने ठोकून देऊ नकोस. "आकडा आठवत नाही, पण त्याचे कारण सांगू शकतो," असे म्हण, अर्थात कारण खरोखरच ठाऊक असेल तरच, कारण त्या वाक्यानंतरचा प्रश्न त्याच कारणाविषयी असणार.

वहीऐवजी माझ्या हाडांच्या संचातला डावा ह्यूमरस पाठवीत आहे. त्यावर मी कोणतीही खूण केलेली नाही. रेडियल नर्व्हची खोबण आणि तिच्या वरची व खालची जागा तूच पेन्सिलीने आख, आणि प्रत्येक जागी काय जाते व काय राहते हे पुस्तक मिटून लिहून पाठव. त्या उत्तरावर माझा प्रश्न परतीच्या टपालाने येईल.

तुझा,
अंतिम वर्षाचा बंधू