उशिराच्या उत्तराची मुदत

उधारी थकली म्हणून व्यापारी जितका अस्वस्थ होतो, त्याहून अधिक तो मुदतच ठाऊक नसल्याने होतो. ‘पौर्णिमेनंतर देतो’ असे सांगणारा गिऱ्हाईक त्याला चालतो. नुसते ‘देतो हो’ म्हणणारा चालत नाही. निरोपांच्या उत्तरांचेही तसेच आहे. सावकाश उत्तर देणाऱ्याने मित्रापुढे कारणांची यादी ठेवली की ती सारवासारव वाटते. मुदत सांगितली की तो व्यवहार होतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचा एक अडत्या आणि पुण्यात घाऊक दुकान चालवणारा त्याचा शाळेपासूनचा मित्र यांचे उदाहरण घेऊ. पुणेकराचा सारा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो; आलेल्या निरोपाला तो मिनिटभरात उत्तर देतो. अडत्याचा दिवस सौद्यांत, वजनकाट्यावर आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या करण्यात जातो. एके दिवशी सकाळी अकरा वाजता पुणेकराने मुलीसाठी आलेल्या सांगलीच्या एका स्थळाची चौकशी केली. अडत्याने सौद्यांच्या धांदलीत निरोप उघडला आणि उत्तर रात्रीवर टाकले. सायंकाळी मित्राने लिहिले, ‘निळ्या खुणा सकाळीच दिसल्या. सांगायचे नसेल तर तसे सांग.’

अडत्याने लगेच खुलासा पाठवला: सौदे होते, मग ट्रक भरायचा होता, मग बँकेत जावे लागले, मुद्दाम केले नाही. उत्तर आले, ‘कामे सगळ्यांनाच असतात.’ यात नवल नाही. प्रत्येक कारण हे वादाला दिलेले निमंत्रण असते. ऐकणारा ते तोलतो आणि हलके ठरवतो. शिवाय त्या क्षणी मित्राला हवी होती ती स्थळाची माहिती. अडत्याच्या दिवसाचा हिशेब त्याने मागितला नव्हता.

अडत्याने त्या रात्री स्थळाची माहिती तेवढी सविस्तर कळवली आणि मूळ विषय आठवडाभर थांबवला. राग ताजा असताना केलेली विनंती बचावच ठरते. पुढच्या रविवारी त्याने फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, ‘तुझ्या निरोपाला मला नीट विचार करून उत्तर द्यायचे असते. दिवसा दुकानात ते जमत नाही. रात्री आठनंतर मी रोज तुझे निरोप पाहीन आणि त्याच रात्री उत्तर देईन. घाई असेल तर सरळ फोन कर, सौदे चालू असले तरी उचलेन. चालेल ना तुला?’

या बोलण्यात मित्राचे मोल प्रथम आले. अडचण एकाच वाक्यात आटोपली. मग मुदत आली, निकडीची वाट आली आणि शेवटी प्रश्न आला. ‘तू फारच उतावळा आहेस’ किंवा ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ अशी वाक्ये त्यात नव्हती. त्यांनी विनंतीचा आरोप झाला असता. वारंवार ‘माफ कर’ही नव्हते, कारण सावकाश उत्तर देणे हा अपराध नव्हे.

पुणेकर म्हणाला, ‘अरे, एक अंगठा पाठवायला कितीसा वेळ लागतो?’ येथे कारणांकडे परत वळण्याचा मोह होतो. अडत्याने तो टाळला. ‘बरोबर आहे. महत्त्वाचा निरोप दिसला तर “वाचले, रात्री सांगतो” एवढे लिहीन. पण गर्दीत तेही राहून जाईल. तेव्हा रात्रीपर्यंत धीर धर.’ जेवढे पाळता येईल तेवढेच त्याने कबूल केले.

निळ्या खुणांचा अर्थ संभाषण उघडले गेले, एवढाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये त्या बंद करता येतात. मात्र मग इतरांच्या खुणा आपल्यालाही दिसत नाहीत, आणि मित्राला न सांगता त्या बंद केल्या तर तो त्याला लपवाछपवी समजतो. त्यापेक्षा उत्तर देण्याची वेळ होईपर्यंत निरोप न उघडणे सोपे.

ही व्यवस्था मोडते ती मुदत चुकल्यावर. दोन रात्री उत्तर गेले नाही, तर रविवारचे सारे बोलणे पोकळ ठरते. म्हणून रात्री आठ जमणार नसतील तर आरंभीच दुसरा दिवस सांगावा. मित्राच्या घरी आजारपण किंवा दुःख असेल, तर त्या दिवसांपुरती मुदत बाजूला ठेवून आपणच फोन करावा. आणि व्यवस्था रुळली आहे की नाही, हे मित्राच्या निरोपांवरूनच कळते: घाईच्या कामाला त्याचा फोन येऊ लागतो आणि इतर निरोपांखाली तो स्वतःच लिहितो, ‘रात्री सांग.’